खांबाचे वण

दुष्काळाची ती वर्षं. मी पाथर्डी तालुक्यात ओव्हरसियर होतो आणि स्वभावाने चांगलाच फटकळ. माझ्याकडे एका गावच्या शाळेचं बांधकाम होतं. एका सकाळी खांबांच्या साच्याच्या फळ्या काढल्या आणि ओसरीच्या कोपऱ्यातला खांब पाहून माझं टाळकंच फिरलं. काँक्रीट नीट ठासलेलं नव्हतं. खडी उघडी पडली होती, मध्ये बोटं जातील एवढी भोकं होती आणि एका भोकातून चक्क सळई डोकावत होती.

ठेकेदार गोड माणूस. एवढा गोड, की त्याच्याशी भांडताना आपणच उद्धट वाटायला लागतो. म्हणाला, "रावसाहेब, गिलावा झाल्यावर काय दिसनार हाय? परवा स्लॅब टाकतो. थांबवायचाच आसंल तर मोठ्या साहेबांचा लेखी हुकूम आना."

मोठे साहेब म्हणजे आमचे उपअभियंता. त्यांची जीप दुष्काळी कामांवर दिवसभर धूळ खात फिरायची. त्यांना खांबापर्यंत आणणं जमणार नव्हतं, तेव्हा खांबच त्यांच्यापर्यंत न्यायला हवा होता. म्हणजे पाहणी अहवाल, आणि सोबत फोटो. तोही परवाच्या आत. एकदा वर स्लॅब चढला की त्याखाली पोरं बसणार, हे काही माझ्या डोक्यातून जाईना.

पाथर्डीच्या बाजारपेठेतून फोटोग्राफर आणला. त्याचा हात लग्नाच्या फोटोंवर बसलेला. त्याने आधी ठेकेदाराला खांबाला टेकवून उभं केलं, मग गवंड्याला, मग सरपंचांना. तिघांनी मिळून नेमकी भोकं झाकली. मी सगळ्यांना हाकललं आणि भोकांचा आकार कळावा म्हणून खांबाला एक फूटपट्टी लावली.

"नुसता खांब?" तो हिरमुसून म्हणाला. "नवरदेवाबिगर लग्नाचा फोटो काढल्यावानी दिसंल." पण काढला.

घरी येऊन मी अहवाल लिहिला. निरीक्षणात जे दिसलं तेवढंच: कुठला खांब, जमिनीपासून किती उंचीवर, भोकं किती खोल, सळई कुठे उघडी. कुणाची अक्कल चरायला गेली होती, हे तिथे लिहायचं नसतं. हात शिवशिवत होता, तरी आवरला. खाली सुधारणा लिहिल्या: सैल काँक्रीट घट्ट भाग लागेपर्यंत फोडून पाहावं, पोकळी सळयांच्या आत गेलेली आढळली तर खांब पाडून नव्याने ओतावा, आणि तोवर स्लॅब टाकू नये.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओतून फोटोचं बंद पाकीट घेतलं आणि ते न उघडताच, साहेब फिरतीवरून परतायच्या वेळी, थेट कचेरी गाठली. साहेबांनी अहवाल वाचला, फोटो पाहिला आणि चष्मा काढला.

"अहो, तुम्ही लिहिलंय बोटं जातात. हा तर नवरीच्या गालासारखा गुळगुळीत आहे!"

मी वाकून पाहिलं. फूटपट्टी जागच्या जागी होती. भोकं गायब होती.

तसाच पळत स्टुडिओत गेलो. फोटोग्राफर खुशीत होता. "लई देवीचे वण हुते वो तुमच्या खांबाला! निगेटिव्हवर पेन्सिलीनं एकेक भरला. बारीक काम हाय, डोळं दुखायला लागलं."

त्या काळी अंगावर देवी येऊन गेलेल्या कितीतरी मुलामुलींची लग्नं त्याच्या पेन्सिलीने जमवली होती. हसावं की त्याची मानगूट धरावी, मला कळेना. "भरलेत तसे पुन्हा उकरा," मी ओरडलो.

त्याने कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि आपली कारागिरी निगेटिव्हवरून पुसून काढली. तोंड सुतकी करून म्हणाला, "ह्यो फोटो आमच्या दुकानातला हाय म्हनून कुनाला सांगू नका."

दुसरी प्रत ओलीच घेऊन कचेरीत गेलो. साहेबांनी फूटपट्टीवरून एकेक भोक मोजून पाहिलं. मग अहवालावर शेरा मारला: स्लॅब थांबवा, खांब फोडून पाहा.

स्लॅब ठरला होता त्या दिवशी सकाळी गवंड्याने छिन्नी लावली. फोडतानाचेही फोटो हवेत म्हणून फोटोग्राफरला सोबत नेलं होतं. थोड्याच घावांत भलामोठा तुकडा ढासळला. फळीची फट बुजवायला कुणीतरी कोंबलेला पोत्याचा बोळा आत घसरला होता आणि काँक्रीट त्याच्यावरच अडकलं होतं. खाली सळया उघड्या, बाकी नुसती पोकळी. ठेकेदार मटकन वाळूवर बसला.

फोटोग्राफरने काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं. फोटो घ्यायचं विसरून तो त्या पोकळीकडे बघत राहिला.

"रावसाहेब," तो हळूच म्हणाला, "म्या हे भरलं हुतं व्हय?"

माझा सगळा राग उतरला. "तुम्ही पेन्सिलीने भरलंत," मी म्हणालो, "गिलाव्याने नव्हे, म्हणून पुसता तरी आलं."