काहूरच्या पुढचं काळीज

"क्षमा शोधायला मी क मध्ये कशाला जाऊ?"

"कारण ते क पासूनच बनतं, मावशी. आधी क, मग त्याचा पाय मोडायचा, मग ष. यंत्राच्या लेखी तीन तुकडे आहेत ते."

"पाय तुझा मोडते, थांब. माझ्या बोटाखाली क्ष एकच अक्षर आहे. एका घरातलं. ब्रेल शिकताना कधी कुणी तुकडे नाही केले त्याचे."

"बोटाखाली असेल. यंत्राच्या पोटात नाही."

"मग पोट बघ त्याचं. औषध दे."

मकरंदने खुर्ची मागे ढकलली. पुण्याहून पहाटे निघून तो मिरजेला आला होता ते शाबासकी घ्यायला. मावशीच्या शाळेसाठी, अंध मुलींच्या वसतिशाळेसाठी, त्याने फुकटात शब्दकोशाचा कार्यक्रम लिहून दिला होता. स्वयंसेवकांनी शब्द टंकले, यंत्राने ते क्रमाने लावले, आणि दुसऱ्या एका संस्थेकडून उसन्या आणलेल्या ब्रेल छापयंत्राने खडखड करत पहिला खंड छापलाही. अ ते क. जाड कागदाचं ते बाड आता कुमुदिनी वायंगणकरांच्या मांडीवर होतं, आणि त्या गेला तासभर त्यातल्या चुकांवर बोट ठेवत होत्या. अक्षरशः.

कुमुदमावशीला डोळ्यांनी दिसत नाही हे मकरंदला लहानपणी बराच काळ पटलंच नव्हतं. तो चपला काढायच्या आत ती म्हणायची, "आलास का, आणि डावा पाय घासत का चालतोयस?" साडीशी जुळणारं पोलकं ती कपाटातून अचूक काढायची, प्रत्येक जोडीला आतून सारख्याच आकाराची गाठ मारलेली असायची. चहात साखर कमी पडली तर कप खाली ठेवल्याच्या आवाजावरून आईला कळायचं, आणि आई म्हणायची, "घाल गं बाई, तुझी तू घाल." मालवणात गोवराच्या तापाने सातव्या वर्षी डोळे गेले, त्याबद्दल मावशी फार बोलत नसे. मिरजेतल्या या शाळेत पोरींना वाचायला शिकवण्यात तिचा जन्म गेला, त्याबद्दल मात्र तिला थांबवावं लागे.

आणि आता महिनाअखेर ती निवृत्त होणार होती. जाण्याआधी मुलींच्या हाती एक धड कोश द्यायचा, एवढंच तिने मागितलं होतं. जुन्या कोशाचे ठिपके बोटांनी झिजून सपाट झाले होते.

"एक सांग," मकरंद म्हणाला, "अशा किती मुली पानं चाळणारेत? फोनला विचारलं की अर्थ सांगतो तो."

"फोन सांगतो. शिकवतो का?" मावशीने बाड त्याच्याकडे सरकवलं. "तुझ्यासारखा डोळस माणूस पान उघडतो, वरपासून खालपर्यंत नजर फिरवतो, शब्द दिसला की झालं. माझी पोरगी बोट खाली नेते. तिला शब्द कुठे असणार ते आधी माहीत असावं लागतं. परवा सुमैयाला म्हटलं, काळीज काढ. ती गेली का च्या शेवटाला. कासव लागलं, काहूर लागलं, आणि त्यापुढे थेट किडा. मला येऊन म्हणते, बाई, मराठीत काळीज नाहीये."

मकरंद हसला. मग हसायचा थांबला.

"ळ कुठे आहे तुझा?"

"ल च्या शेजारी," तो हळू आवाजात म्हणाला. "काल झालं की काळजी, काळीज, मग कावळा. यंत्रात प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो, आणि ळ चा ल च्या लगेच पुढचा आहे. सगळ्या भारतीय लिप्यांना एकाच साच्यात बसवलं, तेव्हा तसे दिले गेले. मी क्रम लावायला सांगताना यंत्र फक्त ते क्रमांक बघतं. लहान आधी, मोठा नंतर."

"लहानपणी मी तुला काय शिकवलं? ह, ळ, क्ष, ज्ञ. शेवटचा डबा."

"मी तपासलं होतं गं. अननस, आंबा, कमळ, घर, सगळं बरोबर आलं."

"येणारच. चोर पहिल्या दिवशी घरात नीटच वागतो."

मुख्याध्यापिका नसरीन मुल्ला दारात उभ्या होत्या. त्या बराच वेळ उभ्या असाव्यात, कारण मावशीने मानही न वळवता म्हटलं, "या, नसरीनबाई. भांडण मोफत आहे."

"कुमुदताई, छापयंत्र गुरुवारी परत जाणार," नसरीनबाई म्हणाल्या. "बदल करायचा तर आजच. नाहीतर असंच छापू आणि पहिल्या पानावर सूचना देऊ, की ळ चे शब्द ल पाशी पाहावेत."

"आणि पोरी आयुष्यभर ती सूचना डोक्यात घेऊन फिरणार? दुसऱ्या कुठल्या कोशात शोधायला गेल्या की पुन्हा फसणार?"

मकरंदने शाळेचा संगणक पुढ्यात ओढला. "एक ओळ बदलायची आहे. यंत्राला सांगतो, क्रमांक नको बघू, मराठीच्या नियमाने लाव."

ओळ बदलली. यंत्राने कुरकुर न करता पुन्हा सगळे शब्द लावले. मावशीने कानात इअरफोन घातला आणि यादी वाचून घेऊ लागली. संगणकाचा तो वाचून दाखवणारा आवाज इतक्या वेगाने पळे की मकरंदला नुसती माशी भणभणल्यासारखी वाटे.

"काल," मावशी म्हणाली. "काळजी. काळीज. कावळा. मकरंदा, तुझं औषध पार वाया गेलं."

तो चक्रावला. मग उघडून पाहिलं, तेव्हा उलगडलं. त्या जुन्या संगणकात मराठीचे नियम भरलेलेच नव्हते. मागितलेली भाषा नाही, असं न सांगता त्याने गुपचूप सर्वसाधारण नियम वापरले होते, आणि त्यातही ळ ल च्याच कडेला.

"म्हणजे हो म्हणून करायचं नाही," मावशी म्हणाली. "सरकारी दिसतोय."

"नवीन भरायला इथलं इंटरनेट आज रडतंय. मीच लिहितो मग क्रम. सांग."

"काय सांगू?"

"वर्णमाला. मी लहान होतो तेव्हा सांगायचीस तशी."

मावशी सावरून बसली आणि सांगू लागली. तो प्रत्येक अक्षराला नवा क्रमांक देत गेला. क्ष आणि ज्ञ यांना तुकडे होण्याआधीच उचलून एक अक्षर धरायचं, असं त्याने आधी लिहिलं. मात्रा आणि बाकीची जोडाक्षरं होती तशीच ठेवली. एका जागी तो अडला.

"मावशी, ॲ? ॲल्युमिनियम, ॲसिड. त्याचा क्रमांक फार उशिरा दिलाय. माझ्या आधीच्या यादीत ते ह च्याही पलीकडे गेले होते."

"आमच्या वेळी ते अक्षर नव्हतं." मावशी म्हणाली, "तूच सांग. तुझ्या पिढीचं आहे."

"अ नंतर लगेच?"

"आ च्या आधी. चालेल. अ चंच पोर आहे ते, आईजवळ राहू दे."

दुपारी क ची पानं नव्याने छापून आली. नसरीनबाईंनी ती गरम गरम मावशीच्या हातात दिली. उघडून, वरून खाली, तिची उजवी तर्जनी सरकत गेली. कासव. काहूर. काळजी. त्यापुढच्या शब्दावर बोट थबकलं, मागे आलं, पुन्हा त्याच शब्दावरून गेलं. मग शेवटच्या पानावर गेली. क्वचित, आणि त्याखाली मोकळा कागद. क्षमा आता तिथे नव्हती.

"बरोबर आहे ना, मावशी?" मकरंदने विचारलं. "बाकीचे खंड लावू छापायला?"

वर्गाची घंटा झाली होती. मावशीने पानं छातीशी धरली, दाराची चौकट कोपराने चाचपली आणि बाहेर गेली. व्हरांड्यातून तिचा आवाज आला, "सुमैया, कुठायस गं? हात धुऊन ये."