नोंदीत न आलेला प्रश्न

त्या वर्षी दुष्काळ होता. शहराच्या कडेला बायपासवर नवी लॉन्स उभी राहत होती, पण गावाकडची लग्नं पुढं ढकलली जात होती. मी दातांच्या कॉलेजमधून नुकतीच बाहेर पडले होते आणि एका दवाखान्यात मुखशल्य विभागात काम शिकत होते. टँकरचं पाणी येईपर्यंत सकाळी शस्त्रक्रिया सुरू होत नसत. त्या रिकाम्या वेळात ते आले.

करमाडकडचे. पंचेचाळिशीचे असतील. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. खालची उजवी अक्कलदाढ आडवी अडकलेली, हिरडी तीनदा सुजलेली, तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं. गोळ्यांनी सूज उतरवून मी त्यांना पुन्हा बोलावलं होतं.

मी केसपेपरवर लिहिलं, ‘धोके समजावले, रुग्ण तयार आहे’ आणि तो सहीसाठी विभागप्रमुख मॅडमपुढे ठेवला.

मॅडमनी तो परत सरकवला. “कोणते धोके? हे वाक्य कुणाच्याही दाढेला चालेल. त्यांना खुर्चीवर नको, बाहेर बसवून बोल. इंजेक्शन दिसत असताना माणूस नाही म्हणत नाही.”

मी त्यांना बाकावर बसवलं. एक्स-रे उजेडाकडे धरून दाखवला. दाढेची मुळं खालच्या नसेला टेकल्यासारखी दिसत होती.

“काका, दुखेल, सूज येईल, चार दिवस तोंड नीट उघडणार नाही. रक्त येऊ शकतं, जखम चिघळू शकते. पण तुमच्या बाबतीत महत्त्वाचं वेगळंच आहे. या नसेला धक्का लागला तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होईल. शेजारच्या दुसऱ्या नसेला लागलं तर जीभही. बहुतेकांना काही महिन्यांत बरं वाटतं. काहींना कधीच नाही.”

ते ओठावर बोट ठेवून बसले. “वाजवायला येईल का मला?”

“बधिरपणा राहिला तर कठीण जाईल.”

“मग दुसरं काय करता येतं?”

मी सांगितलं. काहीच न करता थांबता येईल, पण सूज पुन्हा येईल. नसेची जागा नीट कळावी म्हणून स्कॅन करता येईल. दाढेचा वरचा भाग काढून मुळं तशीच ठेवता येतील, त्यात नसेला धोका कमी. पण पुढं मुळं सरकली किंवा पिकली तर पुन्हा कापावं लागेल. स्कॅनला ते तयार झाले. नस मुळाला चिकटूनच होती.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, “दोनदा कापून घ्यायचं नाय मला. एकदाच काढा. लग्नाच्या तिथी सुरू व्हायच्या आधी.”

मग ते थोडं पुढं झुकले. “बाई, तुमच्या बापाची असती तर?”

मी म्हणाले, “मी काढायला सांगितली असती.”

नोंद मी दीड पान लिहिली. निदान, स्कॅनमध्ये दिसलेलं, धोके, पर्याय, वाजवण्याबद्दलचा त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत, माझं उत्तर, त्यांनी काय निवडलं आणि का. काय समजलं ते त्यांच्याकडून परत वदवून घेतलं, सुई टोचेपर्यंत कधीही नाही म्हणता येईल हेही सांगितलं, दोन्ही गोष्टी लिहिल्या. सगळं मराठीत वाचून दाखवलं. त्यांची सही, बायकोची साक्षीदार म्हणून सही, माझी, वेळ. शेवटचा प्रश्न तेवढा लिहिला नाही. तो मला प्रश्न वाटलाच नव्हता.

दाढ मॅडमनी काढली. सावकाश, नीट. तरी ओठ बधिर झाला.

दर तपासणीला मी कापसाचं टोक ओठावर फिरवायची. ते डोळे मिटून सांगायचे, “नाय. नाय. अजून नाय.” सहा महिने गेले, वर्ष गेलं. वाजवताना कडेनं हवा निसटायची, लाळ गळायची आणि त्यांना ते कळायचं नाही. बँडमालकानं दुसरा माणूस ठेवला.

त्यांचा मुलगा शेंद्र्याच्या कारखान्यात होता. तो एकदा बरोबर आला, तो भांडायलाच. “अडाणी माणसाची सही घेतली तुम्ही!”

मॅडमनी कागद त्याच्यापुढे ठेवला. त्यानं सगळा वाचला, दोनदा. मग वडिलांकडे बघितलं.

“सांगितलं व्हतं रं त्यांनी,” ते म्हणाले. बोलताना ओठाच्या कोपऱ्यातून थेंब ओघळला. मुलानं रुमाल काढून पुसला आणि तो रडायला लागला.

ते गेल्यावर मी मॅडमना त्या शेवटच्या प्रश्नाबद्दल सांगितलं. जुन्या पानाला हात लावू नको, म्हणाल्या. खाली आजची तारीख टाकून ‘उशिरा केलेली नोंद’ असं लिही आणि जे झालं ते लिही. मी लिहिलं. पुढच्या भेटीत ते काकांना वाचून दाखवलं.

“ते कशाला लिहिलंत?” ते म्हणाले. “त्याच्यावरच तर मी व्हय म्हणलो.”

नंतर ते यायचे थांबले. मी फोन केला तेव्हा बायकोनं उचलला. आता ते लग्नात ढोलाच्या जोडीला झांजा वाजवतात, म्हणाली. क्लॅरिनेट पेटीत आहे, कुणाला हात लावू देत नाहीत. मग तिनं विचारलं, तुमच्याकडं पाणी येतं का आता रोज.