वर कैलासवासी, खाली निमंत्रक

माझी शाळा दुसरीपर्यंत. पण मराठी मी वाचतो. बोट ठेवून वाचतो, आणि एकदा वाचलेलं पुन्हा वाचतो. आमच्या घरातली लग्नपत्रिका छापायला जाण्याआधी माझ्या बोटाखालून गेली पाहिजे, असा माझा नियम आहे. धाकट्या मुलाच्या लग्नात ती मीच बघितली होती. थोरल्याच्या मुलीचं ठरलं तेव्हाही मी सांगून ठेवलं, की प्रूफ आलं की मला बोलवायचं. सही माझी.

थोरला आमच्यात नाही. म्हणजे कुठे आहे ते ठाऊक नाही. पावसाळ्यात नदीला पूर आलेला असताना तो पुलाकडे गेला. मोटरसायकल पुलाच्या अलीकडे उभी सापडली, तो सापडला नाही. आम्ही काठाकाठाने बदलापूरच्याही खाली जाऊन आलो. जाळ्या अडकल्या होत्या, गुरं अडकली होती, माणूस नव्हता. पोलिसांच्या कागदावर बेपत्ता असं लिहिलं ते अजून तसंच आहे. लोक म्हणाले, दिवस घाला. मी घालू दिले नाहीत. प्रेत दाखवा, मग बोला, म्हटलं. सुनेने कुंकू लावायचं सोडलं नाही. नात तेव्हा शाळेत होती. आता पनवेलला नोकरी करते, आणि तिथल्याच मुलाशी तिचं ठरलं.

मुलाकडच्यांनी पत्रिका दोन भाषांत हवी असं कळवलं. एका पानावर मराठी, समोर इंग्रजी. मराठीसाठी आम्ही धाकट्याच्या लग्नाची जुनी पत्रिका नमुना म्हणून छापखान्यात दिली. इंग्रजी नातीने मोबाईलवर लिहून पाठवलं.

छापखाना कर्जतच्या बाजारात, एका गल्लीत. तिथली बाई स्वतःच कॉम्प्युटरवर बसते. मी, सून आणि नात असे तिघं गेलो. बाईने प्रूफ टेबलावर ठेवलं, लाल पेन ठेवलं आणि म्हणाली, "टाईप मी केलंय, म्हणून चूक मला दिसायची नाय. तुमी बघा. तारीख, वार, तिथी, येळ, हॉल. मग नावं. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी नजर ठेवायची."

आधी तारीख-वार. मराठी मी वाचलं, हॉलपर्यंत. बाई भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून बघत होती. तिथी बरोबर, वार बरोबर, हळद आदल्या दिवशी. इंग्रजी नातीने वाचलं आणि अर्थ सांगत गेली. तिथे लग्नाच्या तारखेपुढे हळदीचा वार पडला होता. हॉल आहे खालापूर तालुक्यात, तिथे कर्जत पडलं होतं. आणि मुहूर्त भरदुपारचा, तो इंग्रजीत मध्यरात्रीचा झाला होता.

"रात्रीचं लगीन? भुतांना आवतण हाय काय गं?" बाई म्हणाली.

नात हसली. "माझंच चुकलं. घाईत टाकलं. पी. एम. करा."

सूनही हसली. त्या दिवसातलं तेवढंच हसणं झालं.

मग बाईने पेनाचं टोक मराठीच्या वरच्या ओळीवर ठेवलं, आणि ते उचलून समोरच्या पानावर ठेवलं. "हे तुमचं तुमी ठरवा. मराठीत नवरीच्या वडलांना श्री. हाय, आईला सौ. हाय. इंग्रजीत वडलांच्या आधी लेट हाय, आईला श्रीमती. दोन्ही बाजू सारख्या पाहिजेत. उद्या पत्रिका वाचणारा विचारील, खरं काय?"

मी नातीकडे बघितलं. "लेट कुणी लिवलं?"

"मी लिहिलं, आबा."

"का?"

"कारण तसंच आहे."

"तू बघितलंस?"

"तुम्ही तरी बघितलंय का, जिवंत?"

छापखान्यात दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. बाईने त्याला उद्या यायला सांगितलं आणि आमच्यासाठी बाहेर चहा सांगितला. मी तिला म्हटलं, "बाई, ते इंग्रजीतलं काढा. मराठीतलं बरोबर हाय."

"आबा, ऐका तरी," नात म्हणाली. "श्री. छापलं की पहिला प्रश्न येणार, वधूपिता कुठायत? गुरुजी कन्यादानाला हाक मारणार. कॉलेजात हेच, नोकरीत हेच. वडील काय करतात? कुठे असतात? मी प्रत्येक वेळी नदीपासून सुरुवात करते. माझ्या लग्नातपण मी तेच सांगत उभी राहू?"

"कन्यादान धाकटा करील. कुणी विचारलं तर मी सांगीन."

"काय सांगाल?"

बाईने मधला मार्ग काढून बघितला. "आजोबा, नुसतं यांची नात असं छापू. वरती तुमचं नाव. आईवडलांचं नावच नको. तसंबी करतात लोक."

"म्हणजे पोरगी आकाशातून पडली?" मी म्हटलं. "नाय चालणार."

सुनेने टेबलावरचं लाल पेन उचललं. मराठी पानावर वाकली आणि स्वतःच्या नावाआधीचं सौ. खोडलं. एकच रेघ मारली, सरळ. मग बाईला म्हणाली, "श्रीमती लिवा. आणि त्यांच्या नावाला कै. लावा."

"अगं," मी म्हटलं, "तू लावतेस ना रोज कुंकू?"

"लावते, मामा." आमच्यात सुना सासऱ्याला मामा म्हणतात. "तुमच्या समोर वावरायचं म्हणून लावते. आता पोरीला सुखानं जाऊ द्या."

तिने हे गिऱ्हाइकाच्या बाकावर बसून सांगितलं, आवाज न चढवता. घरी इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हती.

बाईने कॉम्प्युटरवर बदल केले आणि नवं प्रूफ काढून माझ्यासमोर ठेवलं. "आजोबा, शेवटचं बघा आणि सही करा. छापल्यावर माझ्याकडे येऊ नका मग."

मी बोट ठेवलं आणि वरून वाचत आलो. गणपती, कुलस्वामिनी, नवरीचं नाव. मग श्रीमती आणि सुनेचं नाव, मग कै. आणि थोरल्याचं नाव. तिथे बोट थांबलं. ते छापलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. पुढे गेलो. तारीख, वार, मुहूर्त दुपारचा, हॉल खालापूरचा. सगळ्यात खाली बारीक अक्षरात आपले नम्र, निमंत्रक. पहिलं माझं नाव, तिसरं धाकट्याचं. आणि दुसरं, श्री. लावून, थोरल्याचं. जुन्या पत्रिकेतली आमची दोन नावं तशीच उचलून खाली धाकट्याचं जोडलं होतं. धाकट्याच्या लग्नात थोरला होता, मांडव त्यानेच घातला होता. खालची यादी आधी कुणी वाचली नव्हती. इंग्रजीत ती नव्हतीच.

गेलेल्या माणसाचं नाव निमंत्रकांत घालत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

"बघितलंत सगळं?" बाईने विचारलं.

"बघितलं," म्हटलं आणि सही केली.

मला त्या वेळी वाईट वाटलं नाही. वरची ओळ त्यांची झाली, खालची माझी राहू दे, इतकाच विचार. त्याने भावकीतल्या कुणाच्याही लग्नाला कधी लोकांना बोलवायचं टाळलं नव्हतं. स्वतःच्या मुलीच्या लग्नाला बोलावणाऱ्यांत त्याचं नाव असू दे.

पत्रिका छापून आल्या. पहिली देवापुढे ठेवली, मुलाकडची धाकटा देऊन आला. बाकीच्या ओसरीवर मांडून शेजारीण कोपऱ्यांना हळदकुंकू लावत होती. सून त्या पाकिटात घालत होती, हळदकुंकवाला हात लावत नव्हती. कपाळावर तिने बारीक काळी टिकली लावली होती. पत्रिका आल्यापासून ती तशीच लावत होती.

तेवढ्यात मुलाकडून फोन आला. मुलाच्या चुलत्यांचा. नातीने घेतला. आधी ती हसत बोलत होती. मग उभी राहिली. "नाही काका, चूक आहे ती... नाही, तसं काही नाही... सोडचिठ्ठी नाही झालेली." मग आवाज उतरवून, "माझे बाबा वारले. पुरात वारले." फोन कानाला तसाच धरून तिने ते दुसऱ्यांदाही सांगितलं, बहुतेक पलीकडून नीट ऐकू गेलं नव्हतं.

तिने हातातली पत्रिका उघडली, खालची बारीक अक्षरं वाचली आणि आईपुढे धरली. शेजारीण कुंकवाचं बोट पुसून, गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणत घरी गेली.

"आबा, छापखानेवालीला फोन करते," नात म्हणाली. "इतकी मोठी चूक केली तिने."

"तिची नाय," मी म्हटलं. "मी बघितलं होतं."

"बघून सही केलीत?"

"हो."

नात आत निघून गेली. सून तिथेच बसली होती. पाकिटात अर्धी घातलेली पत्रिका तिने बाहेर काढली आणि मांडीवर उघडून ठेवली.

"मामा, वर माजं सौ. खोडलं त्याच्यावर तुमी सही केलीत," ती म्हणाली. "मला रांडव केलीत आणि खाली त्यांना जिता ठेवलात. हे वाचून लोक काय म्हणतील? नवरा जिता हाय आणि ही बाई टाकलेली हाय, असंच ना? त्यांनी मला टाकली नव्हती."

मी पोराला जिवंत ठेवायला बघत होतो. तो सुनेच्या नावावर डाग होऊन राहील, हे ध्यानात आलं नव्हतं.

नवीन छापायला वेळ नव्हता. नातीने छापखान्यात फोन केला. बाई म्हणाली, काळ्या शाईने खोडू नका, मंगलकार्याची पत्रिका आहे. पत्रिकेच्याच पिवळ्या रंगाच्या चिकट कागदावर पट्ट्या छापून देते, नावावर बरोबर बसतील. त्यावर काय छापू? नातीने सांगितलं, "समस्त परिवार" छापा.

संध्याकाळी धाकटा पट्ट्या घेऊन आला. तो मांडी घालून बसायला लागला तेव्हा सून म्हणाली, "तुमी नको, भाऊजी. मामा लावतील." पट्ट्यांचा गठ्ठा तिने माझ्यापुढे ठेवला, आणि पत्रिका पुन्हा पाकिटांतून काढून एकेक माझ्याकडे सरकवायला लागली.

मागचा कागद सोलायला माझी नखं चालेनात, म्हणून ती सोलून द्यायची आणि मी लावायचो. पट्टी वाकडी बसली तर खालून नावाचं पहिलं अक्षर डोकावायचं. ती पट्टी उचलून मी पुन्हा सरळ लावायचो, मग अंगठ्याने दाबायचो. प्रेत मला आजवर कुणी दाखवलेलं नाही, आणि दिवस घालायचं मी अजूनही कबूल केलेलं नाही. पण त्या संध्याकाळी मी अंगठ्याने दाबत राहिलो. मध्ये कधीतरी सुनेने दिवा लावला आणि विचारलं, "दिसतंय ना, मामा?"

"दिसतंय," म्हटलं, "दे पुढची."