पुष्पांजलीचं नाव

महामाया बुलढाण्यात दुकानदारांच्या वेबसाइट बनवते. मोताळ्याचा गोपाल तिच्याकडे आला, तो बायको पुष्पांजली वारल्यावर तिचाच मसाला विकतो. पहिल्या पानावर घरच्या सगळ्यांचा फोटो होता. त्याची खालची कड महामायानं क्लिप-पाथ ही छाटणारी कोडची ओळ लावून उजवीकडे वर चढणारी तिरपी केली होती.

"ताई, नाव अर्धंच दिसून राह्यलं," गोपाल म्हणाला.

चूक तिचीच होती. फोटो आणि 'पुष्पांजली मसाले' ही अक्षरं एकाच चौकटीत होती आणि ती तिरपी काट तिनं त्या चौकटीलाच दिली होती, म्हणून अक्षरंही छाटली गेली. तिनं काट नुसत्या फोटोवर नेली आणि अक्षरं बाहेर, वरच्या थरात ठेवली. नाव पूर्ण दिसू लागलं.

गोपाल मात्र फोटोच्या खालच्या उजव्या कोपऱ्याकडेच बघत होता. "इथं ती बसली होती. तिले काढून टाकलं का?"

"नाही दादा. फोटो अख्खाच आहे. फक्त तेवढा भाग झाकला."

तिनं ती एक ओळ बंद केली. कोपऱ्यातून हिरव्या लुगड्यातली पुष्पांजली समोर आली, मांडीवर तान्ही लेक छकुली.

गोपालनं फोटोकडे पाहिलं. मग त्यानं तोंड फिरवलं.

"ओळ परत लावा, ताई."

"का, दादा?"

"छकुली आता वाचाले शिकली. रोज मोबाइलवर नाव वाचल, आईचं नाव हाय म्हणून खुश होईल. चेहरा पाह्यला, तर आई मागल."