तिसरी ओळ

बारावीत ती फुलसावंगीकडून आमच्या यवतमाळच्या कॉलेजात आली आणि माझं सुख संपलं. त्या वर्षी पाऊस दडी मारून बसला. तिच्या घरी कपाशीची दुबार पेरणी झाली, म्हणून ती तीन आठवडे उशिरा आली. तरी गणिताचे सर तिच्याकडेच बघून शिकवू लागले. तोवर ते माझ्याकडे बघायचे.

पहिल्याच दिवशी तिने माझी फिजिक्सची वही मागितली. सरळ नाही म्हणवेना. "गणिताच्या चाचणीत मी पहिली आले तर देईन," मी म्हणाले. पहिली मीच येणार, याची मला खात्री होती; तिला हरवून मग वही द्यायला माझी हरकत नव्हती.

मग सरांनी 'जर-तर'च्या विधानाची सत्यता सारणी काढली. चार ओळी. जर-चा भाग खरा आणि तर-चाही खरा, तर विधान खरं. जर-चा खरा पण तर-चा खोटा, तर विधान खोटं. जर-चा भागच खोटा असलेल्या उरलेल्या दोन ओळी सरांनी मला भरायला सांगितल्या. तिसरीत जर-चा भाग खोटा पण तर-चा खरा होता, चौथीत दोन्ही खोटे. तिसरीत मी ठामपणे 'खोटं' लिहिलं. आमच्याकडे 'आला तं जाईन' म्हटलं की कान 'आला तवाच जाईन' ऐकतो. मीही तेच ऐकलं होतं.

सरांनी तिला उठवलं. तिने माझंच वचन फळ्यावर मांडलं, माझ्याकडे न बघता.

"पहिली आली अन् वही नाही देली, तवाच तिचा शब्द मोडला. पहिली आलीच नाही, तं मंग वही देवो का न देवो, तिले खोटी कोण म्हणीन? शब्द फक्त पहिली आल्यावरचा होता."

माझं 'खोटं' पुसून तिने दोन्ही ओळींत 'खरं' लिहिलं. सरांनी तिचं तोंडभर कौतुक केलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चूक कळल्याचं दुःख नव्हतं, ती तिच्याकडून कळली याचं होतं. तिच्या दोन वेण्यांच्या फितीसुद्धा मला सहन होईनात.

चाचणीत ती पहिली आली, मी दुसरी.

मधल्या सुट्टीत ती माझ्या बाकाशी आली. फिजिक्सचे पहिले दोन धडे अजूनही तिच्याकडे नव्हते. तिने तोंड उघडण्याआधीच मी म्हणाले, मी पहिली आलेली नाही, वही देणार नाही आणि माझा शब्दही मोडलेला नाही. चौथी ओळ, तूच शिकवलीस. बोलताना मला फार गोड वाटलं.

तिने वहीकडे बघितलं.

"बरोबर हाय तुहं," ती म्हणाली. "पण तिसरी ओळबी खरीच होती नं. वही देली असती, तरी तुहा शब्द मोडला नसता."

वही माझ्या हाताखालीच होती. मी हात उचलला नाही.