लोड केल्यावर परत येणारं धुकं

आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारा मी पहिला. हे मी कुणालाही ठणकावून सांगतो. धुळ्यात एका भाड्याच्या खोलीत मी आणि माझा जळगावचा वर्गमित्र गेम बनवतो. सातपुड्यासारख्या रानात एक वाटाड्या फिरतो. नकाशा चौकोनी टाइल्सचा. न पाहिलेलं रान काळ्या धुक्यात, नजरेसमोरचं लख्ख, पाहून मागे टाकलेलं करडं. रान उघडत जाणं हाच सगळा खेळ.

पुण्याच्या कंपनीने कळवलं होतं, दुपारपर्यंत गेम पाठवा, संध्याकाळी फोनवर खेळून निर्णय देऊ. नकार आला तर खोली सोडायची आणि मित्राने काकांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचं, असं ठरलेलं.

सकाळीच अक्काचा, माझ्या मोठ्या बहिणीचा, फोन. ती आमचा गेम तिच्या फोनवर खेळायची आणि त्या दिवशी जळगावहून एसटीने आमच्याकडे येत होती.

"भाऊ, बठ्ठं, सगळं रान परत काळं! काल मी काय फुकट हिंडले?"

"सेव्ह केलं होतंस का?"

"केलं ना! वाटाड्या बरोबर जागेवर शे. त्याच्याभोवती तेवढा उजेड, बाकी अंधार. डिग्री घेतली ना तू?"

मित्र म्हणाला, "आपल्याकडे तर कधीच असं झालं नाही." खरं होतं. मी अक्काकडून तिच्या सेव्हची फाइल मागवून उघडली. पाहिलेल्या प्रत्येक टाइलची खूण तिच्यात जागच्या जागी. म्हणजे सेव्ह ठीक होतं, लोड करताना काहीतरी बिघडत होतं.

"अक्का, खेळून झालं की काय करतेस?"

"वर सरकवून पार बंद करते ना. बॅटरी खाते तुझी गेम."

तिथेच सापडलं. आम्ही गेम कधी बंदच करत नव्हतो, चालू गेममध्येच सेव्ह आणि लोड. नकाशा आधीच तयार असायचा. अक्काकडे गेम नव्याने उघडायचा: लोड आधी खुणा भरायचं, मग नकाशा तयार व्हायचा आणि तयार होताना सगळीकडे नवं काळं धुकं पसरवायचा. शेवटी वाटाड्याच्या नजरेपुरतं उजळायचं. आमचंच धुकं आमच्याच खुणांवर!

मी क्रम बदलला. आधी नकाशा, मग खुणा, मग नजर. फोनवर टाकलं, थोडं रान उघडलं, सेव्ह केलं, वर सरकवून गेम बंद केला, पुन्हा उघडला, लोड केलं. नदी, टेकडी, मागची वाट, सगळं करडं होऊन जागेवर! मित्राने टेबलावर असा हात आपटला की खालच्या शिंप्याने मशीन थांबवून विचारलं, "काय पडलं रे?"

"काही नाही नाना, उभं राहिलं!"

दुपारी गेम पाठवला, पुण्याला आणि अक्कालाही. संध्याकाळी अक्का खोलीवर चहा पीत असताना होकार आला. मी तिला मेल वाचून दाखवला.

"म्हणजे मीच पास केलं तुला," ती म्हणाली आणि कप ठेवून लगेच गेम उघडला. कालची नदी होती तिथेच होती. ती पुढे निघाली.