आज, दुखण्यामुळे, हळूहळू, बाथरूममध्ये

हाडांच्या वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरला माणसांबद्दल आदर फारसा नव्हताच. डॉक्टर तिला पोरकट वाटत, नातेवाईक आगाऊ. आणि जर्मनच्या क्लासचे सर? त्यांच्याबद्दल विचारलं, तर ती नुसतं नाक मुरडी. पण परदेशातल्या दवाखान्याने तिला जागा देऊ केली होती, भाषेच्या परीक्षेची अट घातली होती, आणि परीक्षेला कोणाचं नाव पाठवायचं हे सरांच्या हातात होतं. अडला हरी, दुसरं काय.

क्लास झेरॉक्सच्या दुकानावर होता. खुर्च्यांना लिहायच्या फळ्या होत्या, त्यातल्या निम्म्या लुळ्या. बाहेर 'शंभर टक्के निकाल' अशी पाटी. तो निकाल लागायचा कसा, हे सगळ्यांना ठाऊक होतं: डळमळीत वाटेल त्याला सर परीक्षेलाच बसू देत नसत.

"जर्मन वाक्याच्या पोटात क्रम ठरलेला," सर टाय चाचपत म्हणत. "कधी, का, कसं, कुठे! पण तुम्ही मराठीत विचार करता ना, म्हणून घोळ होतो. आधी इंग्रजीत म्हणा, मग जर्मनमध्ये. इंग्रजी आणि जर्मन सख्ख्या बहिणी आहेत."

सिस्टर उभी राहिली. पेशंट आज दुखण्यामुळे अगदी हळू बाथरूममध्ये गेली, एवढंच सांगायचं होतं. तिने आधी इंग्रजीत म्हटलं, मग त्याच वाटेने जर्मनमध्ये उतरली: "डी पात्सिएंटिन इस्ट गेगांगेन इन्स बाट झेअर लांगझाम वेगेन डेअर श्मेर्त्सन हॉयटे."

"वा! गेली, बाथरूममध्ये, हळू, दुखण्यामुळे, आज!" सर बोटांवर मोजत हसले. "बाई, तुमची पेशंट उलटी चालते का हो?"

वर्ग हसला. पुढच्या खुर्चीवरची, सरांचा प्रत्येक शब्द टिपून घेणारी फिजिओथेरपिस्ट सगळ्यात जोरात हसली. "आठवड्याने पुन्हा ऐकतो," सर म्हणाले. "नाही जमलं तर यंदा नाव नाही पाठवणार. माझ्या निकालाचा प्रश्न आहे."

घरी आईने विचारलं, "काय गं, चेहरा का असा?"

"एका गाढवाने मला चालायला शिकवलं आज."

"मग लाथ नाही ना मारलीस?"

"परीक्षेनंतर मारीन."

तिने सूत्र भिंतीवर चिकटवलं, भांडी घासताना पुटपुटलं. पण बोलायची वेळ आली की इंग्रजी आधी धावत येई, आणि ते उलगडून पुन्हा रचेपर्यंत जीभ लाकूड होई.

मग एका दुपारी पाळी बदलताना ती धाकट्या सिस्टरला खाटांची माहिती देत होती. सवयीने, मान वर न करता, रागात.

"खिडकीजवळच्या आजी आज दुखण्यामुळे अगदी हळू बाथरूममध्ये गेल्या. कोपऱ्यातल्या काकू सकाळी चक्कर आल्यामुळे धडपडत खाटेवर..."

ती थांबली.

"पडल्या का?" धाकटीने घाबरून विचारलं.

"बसल्या. गप्प बस जरा."

कधी, का, कसं, कुठे. आणि क्रियापद शेवटी, जर्मनमधल्या 'गेगांगेन'सारखं. इतकी वर्षं रोज पाळी बदलताना ती हेच बोलत आली होती, कुणी न शिकवता. आणि तो टायवाला तिला या सरळ रस्त्यावरून उचलून इंग्रजीच्या बोळातून फिरवत होता! तिला आनंद झाला, पण आधी सरांची कीव आली. मग त्यांच्यावर कीव खर्च करणंही तिला महाग वाटलं.

आठवड्याने सरांनी तेच वाक्य विचारलं. तिने मनात मराठी वाक्य धरलं, त्यात फक्त 'इस्ट' हे मदतनीस क्रियापद कर्त्यामागे दुसऱ्या जागी बसवलं, बाकी कशालाही हात लावला नाही. "डी पात्सिएंटिन इस्ट हॉयटे वेगेन डेअर श्मेर्त्सन झेअर लांगझाम इन्स बाट गेगांगेन."

"इंग्रजी कुठाय?"

"गिळलं."

सर जरा चपापले. "बरं. आता 'हॉयटे'ने सुरुवात करा."

'आज' पुढे आलं, 'इस्ट' दुसऱ्या जागी तसंच राहिलं, पेशंट त्याच्या मागे सरकली. उरलेली रांग जागची हलली नाही. "हॉयटे इस्ट डी पात्सिएंटिन वेगेन डेअर श्मेर्त्सन झेअर लांगझाम इन्स बाट गेगांगेन."

सरांचा चेहरा उजळला. त्यांनी वर्गाकडे वळून हात पसरले. "बघा! इंग्रजी इतकं मुरलंय की आता म्हणावंही लागत नाही. याला म्हणतात माझी पद्धत!"

फिजिओथेरपिस्टने ते लगेच वहीत लिहून घेतलं.

सिस्टरच्या ओठांवर एक शेलका शब्द आला. पण सरांच्या हातात पेन होतं, आणि ते परीक्षेच्या नावांच्या यादीवर टेकलेलं होतं.

"सांगा की यांना, बाई," सर म्हणाले, "कसं जमलं?"

"तुमच्यामुळे," सिस्टर म्हणाली, आणि तिचं नाव पुरतं लिहून होईपर्यंत ती तशीच हसत उभी राहिली.